एरेटर विकत घेण्याआधी नळ मोजा: मुंबईतल्या बाथरूमसाठी पाणी वाचवण्याची रीतसर पद्धत

एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाला बसवायची, पाण्यात हवा मिसळणारी छोटी जाळी. तो आणून बसवायला पाच मिनिटं लागतात. तरीही अनेक घरांत तो महिन्याभरात निघून कपाटात जाऊन पडतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं: नळाला पाणी किती येतं हे न मोजता, डब्यावरचा आकडा वाचून एरेटर घेतलेला असतो. त्यात मुंबईची अडचण वेगळी. आपल्या बहुतेक इमारतींत महापालिकेचं पाणी आधी खालच्या टाकीत येतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून आपल्या भाराने खाली उतरतं. त्यामुळे एकाच इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या नळाचा जोर आणि सातव्या मजल्यावरच्या नळाचा जोर यांत खूप फरक असतो. एका मजल्यावर उत्तम चालणारा एरेटर दुसऱ्या मजल्यावर बेसिनमध्ये करंगळीएवढी धारही सोडत नाही.

म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नका. आधी साफसफाई, मग मोजणी, मग अँगल कॉकने, म्हणजे बेसिनखालच्या छोट्या व्हॉल्व्हने, चाचणी, मग खरेदी आणि शेवटी पुन्हा मोजणी. खरेदी चौथ्या क्रमांकावर आहे, पहिल्या नाही.

## सुरुवातीलाच ठरवा: कोणत्या नळाला हात लावायचा

नळ दोन प्रकारे वापरले जातात. काही ठिकाणी पाणी वेळेनुसार जातं: हात धुताना, दात घासताना, दाढी करताना, शॉवरखाली. नळ जितका वेळ उघडा, तितकं पाणी जातं. काही ठिकाणी मात्र भांडं भरलं की नळ बंद होतो: बादली, ड्रम, फ्लशची टाकी, वॉशिंग मशीन.

पाणी वाचतं ते फक्त पहिल्या प्रकारात. बादलीच्या नळाला एरेटर लावला तर वीस लिटरची बादली वीस लिटरचीच राहते, फक्त भरायला दुप्पट वेळ लागतो. सकाळी घरात रांग लागलेली असताना हा उशीर कुणालाच चालत नाही आणि मग एरेटरवरच राग निघतो. वॉशिंग मशीनच्या नळालाही काही लावू नका. पाणी हळू आलं तर अनेक मशीन पाणी येत नाही असं समजून मध्येच थांबतात.

तेव्हा कामाचे नळ तीनच: बेसिन, शॉवर, आणि पाण्याचा जोर फार असेल तर कमोडशेजारचा जेट स्प्रे. घरात सगळे बादलीनेच आंघोळ करत असतील तर शॉवरही यादीतून काढा. पंधरा-वीस लिटरच्या बादलीशी कोणताही पाणी वाचवणारा शॉवर सहजी बरोबरी करू शकत नाही. मिनिटाला सात लिटर सोडणारा चांगला शॉवरही पाच मिनिटांत पस्तीस लिटर घेतो. पाणी वाचवायचं म्हणून बादली सोडून शॉवरकडे वळू नका.

## पायरी 1: सामान गोळा करा आणि वेळ निवडा

लागणारं सामान घरातच असतं. मोबाईलचं स्टॉपवॉच, बादली, स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक जाड प्लास्टिकची पिशवी, जुना टूथब्रश, सुई किंवा टाचणी, एक सुती फडकं आणि लहान पाना. अंधाऱ्या कोपऱ्यात अँगल कॉक असेल तर टॉर्च.

बादलीवर छापलेल्या लिटरवर विसंबू नका. तो आकडा बहुधा काठोकाठ भरल्यावरचा असतो आणि काठोकाठ आपण कधीच भरत नाही. एक लिटरच्या बाटलीने मोजून बादलीत पाच लिटर पाणी ओता आणि त्या पातळीला आतून पक्क्या मार्करने खूण करा. ही खूण एकदा केली की कायमची उपयोगी पडते.

मग वेळ. सोसायटीत पाण्याच्या ठराविक वेळा असतील, म्हणजे वॉचमन सकाळी दोन-तीन तासच वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडत असेल, तर त्या पहिल्या अर्ध्या तासात मोजू नका. सगळी घरं एकदम ड्रम भरत असतात, जोर सगळ्यात कमी असतो आणि तुमचा आकडा खोटा येतो. चोवीस तास पाणी असेल तर एकदा सकाळी आठच्या सुमारास आणि एकदा दुपारी, अशा दोन वेळा मोजा. शेवटच्या एक-दोन मजल्यांवरच्यांनी टाकी भरलेली आहे की तळाला गेली आहे हेही विचारून घ्यावं. अगदी शेवटच्या मजल्यावरच्या नळावर टाकीच्या पाण्याची उंची एकूण चार-पाच मीटरच असते. त्यातलं एक-दीड मीटर कमी झालं तर फरक लगेच दिसतो. पहिल्या मजल्याला तो जाणवणारही नाही.

तपासा: हा नळ टाकीच्या पाण्यावर आहे ना? काही जुन्या इमारतींत एखादा नळ थेट महापालिकेच्या लाइनवर असतो. त्याचा जोर फक्त पाणी येण्याच्या वेळेत असतो आणि टाकीच्या नळाशी त्याचा संबंध नसतो. अशा नळाची मोजणी वेगळी ठेवा. वरच्या मजल्यांवर घरात प्रेशर पंप बसवलेला असेल तर तो चालू ठेवूनच मोजा, कारण रोज तो चालूच असतो.

## पायरी 2: आधी जुनी जाळी साफ करा

बहुतेक नव्या नळांच्या तोंडाशी कसला ना कसला एरेटर आधीच असतो. प्लंबर त्याला जाळी म्हणतात. तो कचऱ्याने अर्धा बुजलेला असताना मोजलं तर नळच कमी पाण्याचा आहे असं वाटतं आणि पुढचा सगळा हिशोब चुकतो.

बेसिनच्या भोकात बोळा बसवा. नाहीतर वायसर किंवा जाळी घसरून थेट पाईपात जाते. मग नळाच्या तोंडाला फडकं गुंडाळून हाताने फिरवून बघा. खालून वर पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ती सुटते. हाताने सुटली नाही तर फडक्यावरूनच पाना लावा. नुसती पक्कड लावली की क्रोमवर दात उमटतात. काही नव्या नळांत जाळी तोंडाच्या आत लपलेली असते. तिला नळाच्या डब्यात आलेली प्लास्टिकची छोटी किल्ली लागते. किल्ली हरवली असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पण स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, खाचा तुटतात.

जाळी बाहेर आली की तिच्या चकत्या ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने फडक्यावर मांडा आणि मोबाईलने फोटो काढा. आत काय सापडतं ते नीट बघा, कारण त्यावरून पुढचा आजार कळतो. लालसर चुरा म्हणजे जुन्या लोखंडी पाईपाचा गंज. बारीक करडी वाळू म्हणजे टाकीचा गाळ. पांढऱ्या मऊ धाग्यांसारखं काही निघालं तर ते टेफलॉन टेपचे तुकडे, मागच्या प्लंबिंगच्या कामातून आलेले. आणि पांढरा, कडक, खरवडूनही न निघणारा थर म्हणजे क्षार. मुंबईला तलावांतून येणारं पाणी मऊ आहे, त्यामुळे असा थर सहसा धरत नाही. तो दिसलाच तर इमारतीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळलं जातंय का, हे सोसायटीला विचारायला हवं.

गाळ आणि गंज टूथब्रशने निघतो. क्षारांसाठी जाळी अर्धा-एक तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. रबरी वायसर मात्र बाजूला काढून ठेवा.

जाळी काढलेली असतानाच नळ दहा सेकंद पूर्ण उघडा आणि आतला कचरा वाहून जाऊ द्या. मग जाळी परत बसवा.

## पायरी 3: मिनिटाला किती लिटर, ते मोजा

हिशोब सोपा आहे: लिटरला सेकंदांनी भागा आणि 60 ने गुणा. पाच लिटरच्या खुणेपर्यंत 25 सेकंद लागले, तर 5 ÷ 25 × 60 म्हणजे मिनिटाला 12 लिटर.

शॉवर आणि जेट स्प्रेसाठी बादली वापरा. आधी पाणी सुरू करा, धार स्थिर होऊ द्या आणि मग बादली खाली सरकवताना स्टॉपवॉच दाबा. बादली आधी ठेवून नंतर नळ उघडला तर उघडण्याचा वेळही मोजला जातो. मोजताना घरातले बाकीचे नळ बंद हवेत. शॉवरच्या धारा बादलीबाहेर जात असतील तर शॉवरच्या तोंडाला मोठी पिशवी बांधून तिचं टोक बादलीत सोडा.

बेसिनच्या नळाखाली बादली मावत नाही आणि एक लिटरचं भांडं वापरलं तर चूक मोठी होते. जोरात पाणी येत असेल तर एक लिटर पाच सेकंदांत भरतं. स्टॉपवॉच दाबण्यात अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी आकडा दहा टक्क्यांनी हलतो. त्यापेक्षा पिशवीची पद्धत चांगली. नळाला पिशवी लावून बरोबर दहा सेकंद पाणी धरा, पिशवीचं तोंड पिळून ती वजनकाट्यावर ठेवलेल्या रिकाम्या भांड्यात ठेवा. एक किलो म्हणजे एक लिटर. जे वजन येईल त्यातून भांड्याचं वजन वजा करा आणि उरलेल्याला सहाने गुणा. दहा सेकंदांत 900 ग्रॅम आलं, तर मिनिटाला 5.4 लिटर.

प्रत्येक नळाचे दोन आकडे लिहा आणि दुसरा विसरू नका. पहिला नळ पूर्ण उघडून. दुसरा, घरातली माणसं रोज जेवढा उघडतात तेवढा उघडून. दुसऱ्यासाठी कुणाला काही न सांगता हात धुवायला सांगा, त्यांनी नळ तसाच उघडा ठेवावा आणि तुम्ही पिशवी लावा. बहुतेक लोक नळ पूर्ण उघडत नाहीत. खरी बचत सवयीच्या आकड्यापासून मोजायची असते, पूर्ण उघडलेल्या नळापासून नाही. एरेटरच्या डब्यांवरचे पाणी वाचवण्याचे टक्के फसवे ठरतात ते इथेच.

तपासा: प्रत्येक मोजणी तीन वेळा करा. तीन आकड्यांत फार फरक आला तर मधेच कुणी दुसरा नळ उघडला किंवा पंप सुरू झाला असं समजा आणि पुन्हा मोजा.

घरात गरम पाण्याची लाइन असेल तर गरम आणि थंड दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. गरम बाजूला थंड बाजूपेक्षा पाणी बरंच कमी येत असेल तर गिझरच्या आधीच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा गाळणीत कचरा अडकलेला असण्याची शक्यता जास्त. तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## पायरी 4: अँगल कॉकने फुकटात चाचणी घ्या

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. खरं तर सगळा निर्णय इथेच होतो.

बेसिनखाली भिंतीतून निघणारा छोटा व्हॉल्व्ह म्हणजे अँगल कॉक. नळ पूर्ण उघडा ठेवा आणि अँगल कॉक हळूहळू बंद करत जा. धार कमी होत जाईल. हात धुवायला, चूळ भरायला पुरेशी वाटेल तिथे थांबा आणि मोजा. बहुतेक घरांत हा आकडा मिनिटाला चार ते सहा लिटरच्या दरम्यान निघतो. अँगल कॉक त्याच जागी ठेवा आणि चार-पाच दिवस तसंच वापरा. घरातल्या कुणाला काही सांगू नका. तक्रार आली तर थोडा उघडा, पुन्हा मोजा. कुणी बोललंच नाही तर अजून थोडा बंद करून बघा.

आठवड्याच्या शेवटी तुमच्या हातात एक आकडा असतो: या घराला या नळावर किती पाणी पुरतं. दुकानात जाताना हाच आकडा घेऊन जायचा.

मग अँगल कॉक कायमचाच अर्धा बंद का ठेवू नये? तात्पुरतं चालतं आणि पैसे नसतील तर तेवढंही पुष्कळ आहे. पण अर्धवट उघडा अँगल कॉक शिट्टी मारतो, कुणी बेसिन धुताना तो फिरवून टाकतो, आणि नुसती बारीक धार बेसिनवर आपटून शिंतोडे उडवते. एरेटर तेवढ्याच पाण्यात हवा मिसळतो, त्यामुळे धार भरीव लागते आणि उडत नाही.

खबरदारी: जुना अँगल कॉक फिरवल्यावर दांड्याजवळ ओल दिसू लागली तर जोर लावू नका. त्याच्या आतला वायसर गेलेला असतो. आधी तो बदला. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक हातातच तुटू शकतो, म्हणून काम सुरू करण्याआधी बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो फिरतो का, हे पाहून ठेवा.

## पायरी 5: मजल्याप्रमाणे एरेटर निवडा

आता हिशोबाचं एक उदाहरण बघू. सात मजली इमारत धरा, टाकी गच्चीवरच्या चौथऱ्यावर. सातव्या मजल्यावरच्या बेसिनच्या नळापासून टाकीतलं पाणी साधारण पाच मीटर उंच असतं. पहिल्या मजल्यावरच्या नळापासून तेच पाणी साधारण 23 मीटर वर. दहा मीटर उंचीला जवळपास एक बार दाब मिळतो. म्हणजे वर अर्धा बार, खाली सव्वादोन बारच्या थोडा पुढे, तेही पाईपातलं घर्षण सोडून.

एरेटरवर 6 लिटर असं लिहिलेलं असतं, ते बहुधा तीन बार दाबाला मोजलेलं असतं. साध्या, ठराविक भोकाच्या एरेटरमधून जाणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं: दाब चौथाई झाला तर पाणी निम्मं होतं. हा सहा लिटरचा एरेटर पहिल्या मजल्यावर मिनिटाला पाच लिटरच्या आसपास देईल, आणि सातव्या मजल्यावर अडीचच्या आत. एका सोसायटीने सगळ्या घरांसाठी एकाच प्रकारचे एरेटर घाऊक आणले होते. खालच्या मजल्यांवर कुणाला पत्ताही लागला नाही. वरच्या दोन मजल्यांवर मात्र लोकांनी ते पहिल्याच आठवड्यात काढले, आणि एरेटर म्हणजे निकामी वस्तू ही समजूत इमारतभर पसरली.

त्यामुळे निवड अशी करा.

पूर्ण उघडल्यावर मिनिटाला सहा लिटर किंवा त्याहून कमी येत असेल, जे टाकीच्या लगतच्या मजल्यांवर नेहमीचं आहे, तर प्रवाह आवळणारं काहीही बसवू नका. तुमच्या नळाचा एरेटर निसर्गानेच बसवला आहे. धार फार उडत असेल तर कमी दाबासाठी बनवलेला किंवा फवाऱ्यासारखा एरेटर घ्या, तो पाणी वाचवायला नाही तर धार सुधारायला.

सहा ते दहा लिटर येत असेल, तर साधा, ठराविक भोकाचा एरेटर पुरतो. वरच्या हिशोबाने त्याचा छापील आकडा तुमच्या हव्या असलेल्या आकड्यापेक्षा वरचा घ्यावा लागतो. दीड बारला चार लिटर हवे असतील तर सहाचा एरेटर घ्या, चारचा नाही.

दहाच्या वर येत असेल, किंवा दिवसभरात जोर खूप कमीजास्त होत असेल, तर दाबाप्रमाणे स्वतःला जुळवून घेणारा एरेटर घ्या. त्याच्या आत एक लवचिक रबरी रिंग असते. दाब वाढला की ती दबून वाट अरुंद करते, कमी झाला की सैल पडते. साधारण एक बारच्या वर तो छापील आकड्याजवळ टिकून राहतो. एक बारच्या खाली मात्र तो कमीच पाणी देतो, म्हणून वरच्या मजल्यांना त्याचा उपयोग नाही. महागडा म्हणून सगळीकडे चालेल असं समजू नका.

मापाचं म्हणाल तर जुनी जाळी दुकानात घेऊनच जा. बेसिनच्या नळांना दोन मापं जास्त दिसतात. नळाच्या तोंडाच्या आतल्या बाजूला आटे असतील तर बाहेरून आटे असलेला 24 मिलिमीटरचा एरेटर लागतो, आणि नळाच्या तोंडाला बाहेरून आटे असतील तर आतून आटे असलेला 22 मिलिमीटरचा. लपलेल्या जाळ्यांची मापं याहून लहान आणि कंपनीगणिक वेगळी असतात. जुन्या पितळी तोट्यांना आटेच नसतात. त्यांना रबर ओढून बसवायचे एरेटर मिळतात, पण जोर असलेल्या नळावरून ते सुटतात. तिथे नळच बदलणं बरं.

## पायरी 6: बसवणं

बेसिनचा एरेटर हाताने फिरवून बसवा. आटे तिरके धरले नाहीत ना ते पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच कळतं: सहज फिरायला हवा. अडला तर काढून पुन्हा लावा. रबरी वायसर वरच्या बाजूला, सपाट बसलेला हवा. इथे टेफलॉन टेप लावू नका. पाणी अडवण्याचं काम वायसरचं आहे, आणि टेपचे तुकडे सुटून जाळीतच अडकतात. हाताने घट्ट झाल्यावर पाव फेरा पान्याने, बस्स.

शॉवरला एरेटरऐवजी फ्लो रिस्ट्रिक्टर लागतो. ही एक छोटी चकती असते, मधे भोक किंवा रबरी रिंग असलेली. शॉवरचं डोकं भिंतीतल्या दांड्यावरून सोडवा, चकती डोक्याच्या तोंडात बसवा, त्यावर वायसर ठेवा आणि डोकं परत लावा. चकतीवर बाण असेल तर तो पाणी जातं त्या दिशेला. डोकं सोडवताना दांडा दुसऱ्या हाताने घट्ट धरा. दांडाच फिरला तर भिंतीतला सांधा सैल होतो आणि गळती टाइल्सच्या मागे सुरू होते, ती खालच्यांच्या छतावर ओल येईपर्यंत कळत नाही.

चकती नेहमी मिक्सरच्या पुढे, म्हणजे शॉवरच्या तोंडाशीच बसवा. फक्त गरम किंवा फक्त थंड बाजूला लावली तर पाण्याचा मेळ बसत नाही.

खबरदारी, गिझर: गॅस गिझर पेटायला ठराविक किमान प्रवाह लागतो. शॉवर आवळल्यावर तो पेटत नसेल किंवा मधेच विझत असेल तर चकती काढा. आंघोळीच्या मध्येच गिझर विझण्या-पेटण्याचा खेळ चालू ठेवणं धोक्याचं आहे. विजेच्या गिझरच्या बाहेर जाणाऱ्या नळीत किंवा त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाशी कधीही काही बसवू नका. आतला वाढलेला दाब बाहेर पडायची ती वाट असते.

खबरदारी, प्रेशर पंप: पंप पाण्याचा प्रवाह ओळखून सुरू होत असेल तर फार आवळलेल्या नळावर तो सारखा चालू-बंद होतो. असा आवाज आला की जास्त लिटरचा एरेटर लावा. पंप जळण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

जेट स्प्रेचा जोर कमी करायचा असेल तर वेगळं काही घेण्याची गरज नाही. त्याचा अँगल कॉकच आवळून ठेवा, आणि वापर झाला की तो पूर्ण बंद करण्याची सवय घरात लावा. नळीवर दिवसरात्र दाब राहिला की ती कधीतरी फुटते.

## पायरी 7: पुन्हा मोजा आणि खरी बचत काढा

अँगल कॉक पूर्ण उघडा करा. चाचणीच्या वेळचा अर्धा बंद तसाच राहिला तर दोनदा आवळल्यासारखं होतं, आणि ही चूक फार होते. आता पायरी 3 प्रमाणे दोन्ही आकडे पुन्हा घ्या.

वरच्याच इमारतीतलं पहिल्या मजल्यावरचं घर घेऊ. आधी बेसिनचा नळ पूर्ण उघडल्यावर 12 लिटर, सवयीने उघडल्यावर 7.5. नवा एरेटर लावल्यावर पूर्ण उघडूनही पाच. चौघांचं मिळून बेसिन दिवसाला साधारण 14 मिनिटं चालतं असं धरलं, तर पूर्ण उघडलेल्या नळाच्या हिशोबाने रोजची बचत 98 लिटर दिसते. पण नळ तेवढा कुणी उघडतच नव्हतं. खरी बचत 7.5 आणि पाच यांच्या फरकाची, म्हणजे रोज 35 लिटर. दोन बादल्यांच्या जवळपास पाणी एका बेसिनवर रोज वाचतं, आणि तेही कुणाला न जाणवता. सातव्या मजल्यावरच्या घरात नळ पूर्ण उघडूनही साडेपाच लिटरच येत होतं. तिथे काही न बसवणं हाच बरोबर निर्णय.

शॉवर आवळल्यावर गरम पाणी यायला जास्त वेळ लागतो, अशी तक्रार येते. ती खरी आहे, पण पाणी जास्त वाया जात नाही. गिझरपासून शॉवरपर्यंत पाईपात जेवढं थंड पाणी उभं असतं तेवढंच निघतं, फक्त हळू. ते बादलीत धरा.

तपासा: रात्री झोपताना नळाखाली वाटी ठेवा. सकाळी तिच्यात पाणी असेल तर एरेटरला दोष देऊ नका. बंद नळ ठिबकत असेल तर वायसर किंवा आतला कार्ट्रिज गेलेला असतो. नळ चालू असतानाच एरेटरच्या बाजूने पाणी सुटत असेल तर मात्र वरचा वायसर तिरका बसला आहे.

## पायरी 8: सोसायटीत एकत्र करायचं असेल तर

मुंबईत बहुतेक ठिकाणी पाण्याचं बिल पूर्ण सोसायटीचं एकत्र येतं, त्यामुळे एका घराची बचत मीटरवर दिसत नाही. एकत्र काम करायचं तर सरसकट खरेदी टाळा. वरचा एक, मधला एक आणि खालचा एक अशा तीन मजल्यांवर, एकाच उभ्या पाईपावरच्या घरांत, एकाच तासात नळ मोजा. तिन्ही आकडे नोटिस बोर्डावर लावा. त्यावरून कोणत्या मजल्यापर्यंत कोणता एरेटर आणि कुठून वर काहीच नाही, ही रेघ आपोआप दिसते. उंच टॉवरमध्ये मधल्या मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह असतात. तिथे जोर मजल्याप्रमाणे सरळ वाढत नाही, त्यामुळे प्रत्येक टप्प्यातली वरची आणि खालची घरं वेगळी मोजावी लागतात.

टाकी धुण्याची नोटीस लागली की आदल्या रात्री एरेटर काढून ठेवा. रस्त्यावर पाइपलाइनचं काम झाल्यावर गढूळ पाणी आलं तरी हेच करा. टाकी भरल्यावर नळ उघडा सोडा, पाणी स्वच्छ येऊ लागलं की एरेटर परत लावा. एवढं केलं तर एरवी तो दोन-तीन महिन्यांनी एकदा धुतला तरी पुरतं. धुण्याची वेळ आली का, हे ओळखायला पुन्हा तीच दहा सेकंदांची पिशवी लावा: बसवला त्या दिवशीच्या आकड्यापेक्षा पाणी पाचव्या हिश्श्याने कमी आलं की जाळी उघडा.